आठ लाखांचं लोन दहा लाख ऐंशी हजार कसं झालं

प्रश्न: सरकारी बँकेतून ८ लाखांचं एज्युकेशन लोन घेतलं होतं, १० टक्क्याने, चार वर्षं दरवर्षी २ लाख फी गेली. लोन घेताना साहेब म्हणाले हप्ता साडेदहा हजारांच्या आसपास येईल. आता पत्र आलंय की पुढच्या महिन्यापासून १४,२७२ रुपये, १० वर्षं. मी एक रुपया जास्त उचललेला नाही. बँकेने चुकीचं लावलंय का? आणि लहान भावाचं लोन यंदा घ्यायचंय, त्यात काय वेगळं करू?

बँकेचा हिशोब बरोबर आहे, मी कागदावर मांडून बघितला, रुपयाला रुपया जुळतो. गडबड झाली ती लोन देताना. साहेबांनी तुम्हाला जो हप्ता सांगितला तो नुसत्या ८ लाखांवर काढलेला होता, ८ लाख, १० टक्के, १० वर्षं म्हटलं की १०,५७२ येतात. पण तुमचा हप्ता ८ लाखांवर कधी सुरू होणारच नव्हता. मी २६ वर्षं बँकेत होतो, त्यातली बरीच वर्षं लोनच्या टेबलावर, आणि खरं सांगायचं तर जून-जुलैच्या गर्दीत समोर वडील आणि मुलगी बसलेत, मागे अजून दहा जण उभे आहेत, वडील विचारतात "साहेब हप्ता किती बसेल", तेव्हा कॅल्क्युलेटरवर सँक्शनचा आकडा टाकून हप्ता सांगून मोकळं होणं हे मीही केलंय. त्या वेळी कुणी खोटं बोलत नसतं, पण पाच वर्षांनी पत्र येतं तेव्हा माणूस हबकतो.

मोरॅटोरियम म्हणजे तुमचा कोर्स आणि कोर्स संपल्यावर एक वर्ष, इतके दिवस हप्ता मागायचा नाही. व्याज मात्र पहिली फी कॉलेजच्या खात्यात गेली त्या दिवसापासून चालू. तुमच्या लोनचं बघू, ठोकळ हिशोबाने, म्हणजे दर शेवटपर्यंत १० टक्केच राहिला आणि फी दरवर्षी सुरुवातीलाच गेली असं धरून. पहिल्या वर्षीचे २ लाख पूर्ण पाच वर्षं व्याज खात बसले, वर्षाला २०,००० प्रमाणे १ लाख. दुसऱ्या वर्षीच्या २ लाखांना चार वर्षं, ८०,०००. तिसऱ्याला ६०,०००. शेवटच्या वर्षीच्या २ लाखांना कोर्सचं एक आणि नंतरचं एक अशी दोनच वर्षं, ४०,०००. बेरीज करा, २ लाख ८० हजार. हे सगळं बाजूला साठत होतं, आणि हप्ता ठरवायच्या दिवशी बँकेने ते मुद्दलात टाकलं, मुद्दल झालं १० लाख ८० हजार. त्यावर १० वर्षांचा हप्ता १४,२७२. स्वतः तपासायचं असेल तर एक्सेलमध्ये किंवा गूगल शीटमध्ये हे टाका:

```
=PMT(10%/12,120,-800000)
=PMT(10%/12,120,-1080000)
```

पहिल्याचं उत्तर साहेबांचं, दुसऱ्याचं पत्रातलं.

आता नीट बघायची गोष्ट म्हणजे हे व्याज मुद्दलात मिसळतं तो दिवस. सरकारी बँकांची शिक्षण कर्जं बहुतेक इंडियन बँक्स असोसिएशनच्या नमुना योजनेवर चालतात, आणि त्यात मोरॅटोरियमभर सरळ व्याज लावायचं असं आहे. म्हणजे पाच वर्षं जे २ लाख ८० हजार साठले त्यांच्यावर त्या पाच वर्षांत एक पैसाही व्याज लागलं नाही. तो दिवस उजाडला की मात्र ते व्याज राहत नाही, मुद्दल होतं, आणि पुढची १० वर्षं त्यालाही १० टक्के. हप्त्यातला फरक ३,७०० रुपयांचा, १२० महिन्यांत तो होतो साधारण ४ लाख ४४ हजार. थोडक्यात २ लाख ८० हजारांचं व्याज तुम्ही ४ लाख ४४ हजार देऊन फेडणार. १० ऐवजी १५ वर्षं मुदत घेतलीत तर हप्ता ११,६०० वर येतो, ऐकायला बरं वाटतं, पण मग त्याच २ लाख ८० हजारांपायी जाणारा आकडा ५ लाख ४१ हजारांच्या वर जातो.

पहिल्या हप्त्याची पावती आली की फोड बघा. १४,२७२ पैकी ९,००० व्याजात जातील, मुद्दलात फक्त ५,२७२. त्या ९,००० मधले २,३३३ हे व्याजावरचं व्याज आहे, म्हणजे ज्या पैशाने कधी फी भरली नाही, पुस्तक आणलं नाही, त्याचं भाडं.

आता तुमचं व्याज खरंच सरळ पद्धतीने लागलंय का हे तपासा, कारण बँकेचं सॉफ्टवेअर बऱ्याच ठिकाणी व्याज दर महिन्याला खात्यातच नावे टाकतं आणि स्टेटमेंटमधली बाकी वाढत जाते, त्यामुळे नुसत्या बाकीवरून काही कळत नाही. हे असं करा, पहिल्या वर्षातला ३१ दिवसांचा एक पूर्ण महिना घ्या, दुसरी फी जायच्या आधीचा. २ लाखांवर १० टक्क्याने ३१ दिवसांचं व्याज १,६९९ रुपये येतं. मग पहिलं वर्ष भरल्यावरचा, पण दुसरी फी अजून गेलेली नाही असा ३१ दिवसांचा महिना शोधा (फी दोन-चार महिने उशिरा गेलेली असतेच बऱ्याचदा). तिथेही १,६९९ च असेल तर सरळ व्याज. १,८७५ च्या आसपास असेल तर व्याज दर महिन्याला मुद्दलात मिसळत होतं, चक्रवाढ झालं. मधे दर बदलला असेल तर आकडे हलतील, म्हणून त्या महिन्याचा दरही शेजारी लिहून घ्या.

हा फरक किरकोळ नाही. तुमच्याच लोनला पाच वर्षं मासिक चक्रवाढ लागली असती तर बाकी १० लाख ८० हजारांऐवजी ११ लाख ४० हजारांवर गेली असती आणि हप्ता १५,०७४. तुमचं पत्र १४,२७२ चं आहे, म्हणजे तुमच्याकडे सरळच लागलेलं दिसतंय, तरी स्टेटमेंटवर खात्री करून घ्या. माझ्या पुतण्याचं मात्र तसं नव्हतं, त्याने परदेशासाठी एका फायनान्स कंपनीकडून लोन घेतलं, जाहिरातीत "शिकताना हप्ता नाही" एवढं ठळक, आणि ॲग्रीमेंटच्या आतल्या पानावर व्याज दर महिन्याला मुद्दलात जमा होणार अशी एक ओळ. घरात बँकवाला असून सही झाल्यावर मला दाखवलं. असो.

तुम्हाला हप्ता सुरू व्हायला अजून काही दिवस आहेत ना, मग या दिवसांचा उपयोग करून घ्या. नोकरी लागून वर्ष झालं असेल, थोडीफार शिल्लक असेल, तर ती हप्ता सुरू होण्याआधी लोन खात्यात भरा. समजा १ लाख जमले. मिसळणारं व्याज २ लाख ८० ऐवजी १ लाख ८० हजार, मुद्दल ९ लाख ८० हजार, हप्ता १२,९५१. महिन्याला १,३२१ वाचले, १० वर्षांत १ लाख ५८ हजार. हप्ता तोच १४,२७२ ठेवायची ताकद असेल तर अजून बरं, लोन साधारण १७-१८ महिने आधी संपतं आणि वाचणारा आकडा अडीच लाखांपर्यंत जातो. पण एक ध्यानात ठेवा, पत्र आधीच निघालंय, त्यामुळे पैसे भरले म्हणून हप्ता आपोआप कमी होत नाही. हप्ता कमी हवा असेल तर शाखेत साधा अर्ज द्या की मोरॅटोरियममधलं व्याज अमुक तारखेला अंशतः भरलंय, हप्ता नव्याने ठरवून परतफेडीचं नवीन वेळापत्रक द्यावं, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या.

तारीख चुकली म्हणून आभाळ कोसळत नाही. महिनाभर उशिरा १ लाख भरले तर नुकसान त्या १ लाखाच्या महिन्याच्या व्याजाचं, ८३३ रुपयांचं. फ्लोटिंग दराच्या लोनला मुदतीआधी भरल्याबद्दल दंड नाही. फक्त हे भरायला पर्सनल लोन किंवा क्रेडिट कार्ड वापरू नका, १० टक्क्याचं फेडायला १४-१५ टक्क्याचं घेण्यात काय अर्थ आहे.

आता भावाचं. इथे सगळे एकच सल्ला देतात, कोर्स चालू असतानाच दर महिन्याला व्याज भरत जा, खूप वाचतं. हे अर्धं खरं आहे. सरळ व्याज असेल तर साठलेल्या व्याजावर मोरॅटोरियममध्ये काही चढत नाही, म्हणजे ते व्याज पहिल्या वर्षी भरलं काय आणि शेवटच्या महिन्यात एकदम भरलं काय, बँकेच्या खात्यात निकाल एकच. मग तो पैसा आधीच बँकेच्या हातात का द्यायचा? समजा वडील महिन्याला १,६६७ रुपये बाजूला काढू शकतात, म्हणजे पहिल्या २ लाखांच्या व्याजाइतके. दर महिन्याला लोनमध्ये भरले तर पाच वर्षांत १ लाख भरले जातील. तेच साडेसहा टक्क्याच्या आरडीत टाकले तर ६० महिन्यांनी हातात १ लाख १८ हजारांच्या आसपास येतील (आरडीच्या व्याजावर टॅक्स बसत असेल तर थोडे कमी), ते सगळे हप्ता सुरू होण्याच्या आदल्या आठवड्यात भरायचे. अट एकच, ती आरडी बहिणीच्या लग्नात किंवा नवीन बाईकला मोडायची नाही, आणि हे मी टेबलावर बसून इतक्या वेळा बघितलंय की ज्या घरात पैसा टिकत नाही त्यांना मी सरळ सांगायचो, तुम्ही आपलं दर महिन्याला लोनमध्येच भरा.

दोन वेळा मात्र महिन्याला भरणंच फायद्याचं. एक, व्याज चक्रवाढ असेल तेव्हा, तिथे प्रत्येक महिना महाग पडतो. दुसरं, शिकताना नियमित व्याज भरलं तर दरात १ टक्का सूट अशी सोय काही बँकांत असते, तुमच्या सँक्शन लेटरमध्ये ती आहे का बघा, आणि असली तर ती फक्त मोरॅटोरियमपुरती की पूर्ण मुदतीला हे वाचा. पूर्ण मुदतीला असेल तर डोळे मिटून भरा, ८ लाखांवर हप्ता १०,५७२ चा १०,१३४ होतो आणि वर मिसळायला व्याजच उरत नाही. पण त्यात एखादा महिना चुकला की सूट गेली असाही नियम असू शकतो, तेही विचारून ठेवा. आणि सगळं व्याज भरायचं म्हणजे पहिल्या वर्षी महिन्याला १,६६७, दुसऱ्या वर्षी ३,३३३, तिसऱ्या वर्षी ५,०००, आणि शेवटची दोन वर्षं ६,६६७, घरच्यांना हे झेपतं का ते आधी बघा, कारण सुरुवातीला सोपं वाटतं आणि तिसऱ्या वर्षी दम लागतो.

याच्याहून मोठी बचत वेगळ्याच ठिकाणी आहे आणि ती कुणी सांगत नाही. वर तुमचा हिशोब परत बघा, पहिल्या वर्षीच्या २ लाखांनी १ लाख व्याज खाल्लं आणि शेवटच्या वर्षीच्या २ लाखांनी ४० हजार. मुद्दल तेच, फक्त उचललं कधी याचा फरक. बहुतेक घरांत उलटं होतं, पहिल्या वर्षी लोन मंजूर झालंय म्हणून फी, हॉस्टेल, लॅपटॉप सगळं लोनमधून, आणि घरची एफडी "पुढे लागेल" म्हणून तशीच. लोन मंजूर पूर्ण करून घ्या, पण पहिल्या वर्षाची फी घरच्या पैशाने भरा आणि लोन दुसऱ्या वर्षापासून उचला. समजा घरात २ लाख आहेत. ते पहिल्या वर्षी वापरले तर १ लाख व्याज टळलं, चौथ्या वर्षी वापरले तर ४० हजारच टळलं. मधल्या तीन वर्षांत एफडीने ते पैसे वाढले असते हे मान्य, पण एफडी साडेसहा देते आणि लोन १० घेतं, तो साडेतीन टक्क्यांचा खड्डा एफडीने भरत नाही. मात्र पहिलं वर्ष लोन न उचलता जाणार असेल तर मंजुरी किती दिवस चालते ते शाखेत लेखी विचारा, पहिली रक्कम अमुक महिन्यांत उचलली नाही तर मंजुरी रद्द अशी अट असते. तसं असेल तर पहिल्या सेमिस्टरची थोडी रक्कम उचलून खातं चालू ठेवा.

घरचं उत्पन्न किती आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. वर्षाला साडेचार लाखांपर्यंत असेल आणि भाऊ भारतातच मान्यताप्राप्त कॉलेजात तांत्रिक किंवा व्यावसायिक कोर्सला जात असेल तर केंद्राच्या व्याज अनुदान योजनेत मोरॅटोरियमचं व्याज सरकार भरतं, १० लाखांपर्यंतच्या लोनचं. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मीत ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना १० लाखांपर्यंतच्या लोनवर मोरॅटोरियममध्ये ३ टक्के सवलत आहे, पण कॉलेज त्यांच्या यादीत हवं. असं काही मिळत असेल तर वरची आरडीची वगैरे गणितं बाजूला ठेवा, आधी उत्पन्नाचा दाखला काढा. आणि अनुदान खात्यात खरंच जमा झालं का हे हप्ता ठरण्याआधी स्टेटमेंटवर बघा, नाहीतर जे व्याज सरकारने द्यायचं तेच मुद्दलात मिसळून हप्ता ठरतो आणि मग ते सोडवायला शाखेच्या चकरा.

टॅक्सचं एक सांगतो, वडील नोकरीत आहेत आणि जुन्या पद्धतीने टॅक्स भरतात असं धरून. शिक्षण कर्जाच्या व्याजाची वजावट, ज्याला आपण ८०ई म्हणतो, ती व्याज भरायला सुरुवात केली त्या वर्षापासून सलग आठ वर्षंच मिळते. वडिलांनी पहिल्या वर्षापासून महिना १,६६७ भरायला घेतलं तर वर्षाला २०,००० ची किरकोळ वजावट घेत पाच वर्षं निघून जातात, आणि व्याजाचे मोठे आकडे हप्त्यात सुरू होतात तेव्हा त्यांच्या हातात तीनच वर्षं उरतात. आरडीच्या बाजूने हे अजून एक कारण. नवीन पद्धतीत ही वजावट नाहीच, त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही.

भावाला हेही सांगा की कोर्स संपला आणि दोन महिन्यांत नोकरी लागली तर उरलेलं वर्ष मोरॅटोरियम वापरायलाच हवं असं काही नाही, अर्ज देऊन हप्ता लवकर सुरू करता येतो. तुमच्याच लोनला कोर्स संपल्या संपल्या हप्ता सुरू झाला असता तर साठलेलं व्याज बरोबर २ लाख, मुद्दल १० लाख आणि हप्ता १३,२१५. शेवटच्या त्या एका वर्षाने ८०,००० चढवले, कारण तेव्हा पूर्ण ८ लाख अंगावर होते. आणि उलट बाजूने, विषय राहिले, वर्ष गेलं म्हणून मुदत वाढवून घ्यावी लागली तर त्या वाढीव वर्षाचे अजून ८०,०००, मुद्दल ११ लाख ६० हजार, हप्ता १५,३२९. मुदतवाढ मात्र मागायलाच लागते, कॉलेजचं पत्र घेऊन. बँकेच्या नोंदीत कोर्स संपायची जुनीच तारीख राहिली तर मुलगा अजून कॉलेजात आणि इकडे हप्ता थकायला लागलेला, तीन महिने गेले की खातं एनपीए, आणि सिबिल त्याचं आणि सहकर्जदार म्हणून वडिलांचंही.

तुम्ही आधी त्या ३१ दिवसांच्या महिन्यांचे दोन आकडे काढा आणि दर किती होता ते शेजारी लिहा. हप्त्याआधी किती भरता येतील तेही सांगा, मग अर्ज कसा लिहायचा ते बघू.